चौथी रांग, काळ्याकडून

माझ्या दोन्ही मेव्हण्यांना बुद्धिबळाचं वेड आहे. मेव्हणा म्हटलं की बहिणीचा नवरा, आणि मला दोन बहिणी, म्हणून मेव्हणे दोन. मधलीचा नवरा वकील. धाकटीचा नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर साचा पाठवतात, हा माणूस मेणात एकेक दात बसवतो, साच्यात घालून उकळतो, घासूनपुसून परत पाठवतो. घरात आम्ही त्याला दंतोपंत म्हणतो. हे नाव वकिलांनीच ठेवलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि ते त्याला इतकं चिकटलं की खरं नाव आता फक्त मतदानाच्या यादीत उरलंय.

हा मजकूर दंतोपंतांबद्दल आहे. ते कुणी मोठे नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी लिहील असं त्यांनाही वाटत नाही, आणि मी लिहितेय हे कळलं तर म्हणतील, "ताई, दुसरं काही काम नाही का?" नाही. मी निवृत्त आहे.

त्यांची खोली एका दवाखान्याच्या मागे आहे, दहा बाय बारा. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नंबर. पहिल्यांदा जाणारा दचकतो, कारण शे-दीडशे तोंडं एकाच वेळी हसताना दिसतात. खिडकीशी बाक, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, दात बसवायची चिमटी. कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र. ते सुरू झालं की दंतोपंतांच्या भुवया पांढऱ्या होतात. काम असं की घाई केली तर कवळी हलते, आणि हललेली कवळी घेऊन माणूस परत येतो. शिव्या मात्र डॉक्टरांना बसतात. ते डॉक्टर मग दंतोपंतांकडे पाहतात.

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी आली होती. समोरच्या दोन दातांत फट हवी म्हणून बाईंचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, वेडेपणा आहे, सरळ बसवा. दंतोपंतांनी बाईंचा तरुणपणीचा फोटो मागवला, भिंगातून पाहिला आणि फट ठेवली. वर डॉक्टरांना म्हणाले, "त्यांना चाळीस वर्षं वर्ग ज्या तोंडाने गप्प करता आला, ते तोंड द्यायचंय ना?" एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

आता बुद्धिबळ. आमचा क्लब एका छापखान्याच्या वरच्या खोलीत भरतो. सहा टेबलं, एक पत्र्याचं कपाट, आणि खाली यंत्र चालू असलं की हलणारी जमीन. मी तिथे पंच आहे. खेळाडू म्हणून मी सुमार होते, पण नियमांचं पुस्तक मला पाठ आहे आणि भांडणाची भीती नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मेव्हण्यांच्या डावात मी पंच असू नये असा आक्षेप एकदा कुणी घेतला होता. मी म्हटलं, दोघेही मेव्हणे आहेत, मग मी बाजू कुणाची घेऊ? तो विषय तिथे संपला.

क्लबचा संघ पाच जणांचा. दर वर्षी सहा रविवार बाहेरगावच्या क्लबांशी सामने. पहिले चार पट पक्के, तिथे तरुण आणि तयारीचे लोक. पाचवा पट मात्र आव्हानाचा. जो बसलेला आहे त्याला दर वर्षी कुणीही दोन डावांचं आव्हान देऊ शकतो. आव्हान देणाऱ्याला जास्त गुण मिळवावेच लागतात. बरोबरी झाली तर बसलेला बसलेलाच. त्या खुर्चीवर अकरा वर्षं वकीलसाहेब होते.

आणि अठरा वर्षं राखीव खेळाडू दंतोपंत. राखीव म्हणजे बसमधून जायचं, पट मांडायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि कुणाला ताप येतो का याची वाट पाहायची. अठरा वर्षांत दोनदा ताप आला. या वर्षी हे सामने भरवणाऱ्या लीगने पत्र पाठवलं: राखीव खेळाडू बंद, खर्च परवडत नाही. म्हणजे पाचवा पट मिळाला तरच बस, नाहीतर रविवारी घरी. दंतोपंत एकसष्ट वर्षांचे आहेत. पत्र वाचून त्यांनी घडी घातली, खिशात ठेवली आणि सेक्रेटरीला म्हणाले, "आव्हानाच्या यादीत माझं नाव घाला."

वकिलांना हे कळलं तेव्हा आम्ही सगळे मधलीकडे जेवायला बसलो होतो.

"साडूसाहेब," वकील म्हणाले, "पुन्हा? मागच्या वेळचा पूल अजून पडलेलाच आहे की."

धाकटी म्हणाली, "भावोजी, तुमचं तोंड बंद करायला यांनी एक खास कवळी बनवायला हवी."

"माझे सगळे दात शाबूत आहेत."

"म्हणूनच काळजी वाटते," धाकटी म्हणाली. दंतोपंत जेवत होते.

मागच्या वेळचा पूल सांगायलाच हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हत्तींच्या शेवटात एक प्रसिद्ध स्थिती येते, तिला लुसेना म्हणतात. दोघांकडे एकेक हत्ती, आणि तुमच्याकडे एक प्यादं जास्त. ते प्यादं शेवटच्या घरापासून एक पाऊल दूर आहे. पण त्या शेवटच्या घरात तुमचाच राजा अडकून बसलाय. तो बाहेर पडला तर प्याद्याचा वजीर होईल, पण बाहेर पडला की समोरचा हत्ती लांबून शह देत सुटतो. उजवीकडे जा, शह. डावीकडे जा, शह. कंटाळून राजा परत आत. उपाय असा: आधी शह देऊन समोरचा राजा आणखी एक घर दूर ढकलायचा. मग आपला हत्ती आपल्या बाजूने मोजून चौथ्या रांगेवर आणून ठेवायचा. त्यानंतर राजा बाहेर काढायचा, शह खात खात त्याला आपल्या हत्तीच्या दिशेने आणायचं, आणि तो पाचव्या रांगेवर पोचला की चौथ्या रांगेवरचा हत्ती सरकवून शहाच्या आड घालायचा. हत्तीमागे राजा भक्कम उभा असतो, त्यामुळे समोरच्या हत्तीने त्याला नुसतं खाऊन चालत नाही. शह संपले, वजीर झाला. यालाच पूल बांधणं म्हणतात. चौथीच रांग का? कारण हत्ती त्याहून एक रांग पुढे, पाचवीवर ठेवला, तर समोरचा राजा पाऊल पुढे टाकून त्याच्यावर येतो.

नऊ वर्षांपूर्वी दंतोपंतांनी असंच आव्हान दिलं होतं. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात त्यांच्याकडे पांढरी मोहरी होती, आणि पटावर नेमकी हीच स्थिती आली. पूल त्यांना माहीत नव्हता. राजा बाहेर काढला, शह खाल्ले, परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिसऱ्यांदा राजा आत शिरला आणि वकिलांनी हात वर केला: "तीच स्थिती तिसऱ्यांदा. बरोबरी." मी नोंदी तपासल्या. बरोबर होतं. तिसरी स्थिती दंतोपंतांच्या चालीने झाली होती, पाळी वकिलांची होती, मागणी नियमाप्रमाणे होती. मी बरोबरी दिली. जिंकलेला डाव हातातून गेला हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. घरी जेवणाच्या प्रत्येक बैठकीत वकिलांनी ते पुढची नऊ वर्षं पुन्हा पुन्हा कळवलं.

त्या दिवसापासून दंतोपंतांच्या बाकावर एक छोटा पट आला. कवळीचा साचा उकळत्या पाण्यात दीड तास ठेवावा लागतो. त्या दीड तासात ते पूल बांधायचे. पांढरा राजा, पांढरं प्यादं, पांढरा हत्ती. बांधायचे, मोडायचे, पुन्हा बांधायचे. तोंडाने म्हणायचे, "शह दे. चौथीवर ने. बाहेर काढ. उतरत ये. आड घाल." धाकटी म्हणते, झोपेतही म्हणायचे. ती स्वतः बुद्धिबळ खेळत नाही, पण पूल तिलाही पाठ आहे. एकदा भाजीवाल्याशी घासाघीस करताना तिच्या तोंडून "चौथीवर ने" गेलं, असं तीच सांगते. खरंखोटं ती जाणे.

नऊ वर्षांत किती पूल झाले असतील? मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मोजले नाहीत. पण आता हात आपोआप जातो."

हात आपोआप जातो. यात काय घोळ आहे ते मला तेव्हा दिसलं नाही. त्यांनाही नाही.

यंदाचा पहिला डाव पांढऱ्यांनी खेळून बरोबरीत सुटला. दुसऱ्या रविवारी दुपारी काळी मोहरी त्यांच्याकडे आली. जिंकणं भाग होतं. बरोबरी म्हणजे वकील खुर्चीत आणि दंतोपंत घरी. मधली आणि धाकटी दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. बहिणी असल्या तरी मध्ये एक पिशवी ठेवून.

वकील जसे बोलतात तसेच खेळतात, मोठ्याने आणि पुढे पुढे. पंधराव्या चालीला त्यांनी राजाच्या बाजूने हल्ला चढवला. दंतोपंतांनी एकेक घर बंद केलं, जसं मेणात एकेक दात बसवतात तसं. हल्ला विरला आणि वकिलांचं एक प्यादं पाठीमागे उघडं राहिलं. ते गेलं. मग मोहऱ्यांची अदलाबदल होत गेली. तीन तासांनी पटावर उरले दोन राजे, दोन हत्ती आणि काळं एक प्यादं. आणि ते प्यादं खाली उतरत उतरत शेवटच्या घराच्या एक पाऊल अलीकडे आलं. त्याच्या पुढच्या घरात काळा राजा. वकिलांचा राजा दोन उभ्या ओळी पलीकडे, काळ्या हत्तीने अडवलेला.

खोलीत बाकीचे डाव संपले होते. चार-पाच जण टेबलाभोवती जमले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच शब्द होता: पूल. वकिलांनी खुर्ची मागे सरकवली आणि दंतोपंतांकडे पाहिलं.

"काय साडूसाहेब, ओळखीचं वाटतंय?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, खेळताना बोलायचं नाही."

"सॉरी, ताई."

दंतोपंतांनी हत्तीने शह दिला. वकिलांचा राजा एक घर दूर गेला. अगदी पुस्तकाप्रमाणे. आता दुसरी चाल. दंतोपंतांचा हात हत्तीवर गेला, हत्ती सरळ खाली सरकला आणि पटाच्या कडेला जिथे चारचा आकडा छापलाय, त्या रांगेवर थांबला.

घड्याळ दाबलं.

मी पंच आहे. माझा चेहरा दगडाचा असायला हवा, आणि तो असतो. पण चूक मला दिसली होती. पटावरचे आकडे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेले असतात, एक ते आठ. काळ्याकडून मोजलं तर त्याची चौथी रांग म्हणजे छापलेली पाचवी. दंतोपंतांनी नऊ वर्षं पांढऱ्याने पूल बांधला होता. छापलेला चार आणि चौथी रांग त्यांच्या हाताला एकच होते. दिवसभर जबड्याची उजवी-डावी बाजू उलटी धरून दात बसवणारा हा माणूस, ज्याच्या हातून आजवर एक दात चुकीच्या बाजूला गेला नाही, तो पट उलटा धरायला विसरला.

वकिलांनी राजा एक पाऊल पुढे टाकला. थेट हत्तीच्या शेजारी. हत्ती मारात आला.

दंतोपंत बघत राहिले. बाकावर हे कधीच घडलं नव्हतं. तिथे समोरचा राजा बिचारा जिथे ढकलला तिथे उभा राहायचा. एक मिनिट, दोन मिनिटं. घड्याळात त्यांच्याकडे चार मिनिटं होती, वर प्रत्येक चालीला अर्धं मिनिट. शेवटी त्यांनी हत्ती मागे नेला, जिथून आला तिथेच, पटाच्या टोकाला.

खरं सांगायचं तर डाव अजून जिंकलेलाच होता. हत्ती मारात सोडून राजा बाहेर काढला असता तरी चाललं असतं. वकिलांनी हत्ती खाल्ला तर प्याद्याचा वजीर झाला असता. वजीर हत्तीला हरवतो, पन्नास चालींच्या आत हरवला पाहिजे इतकंच, आणि आमच्या क्लबात ते करून दाखवलेलं मी कधी पाहिलेलं नाही. पण घाबरलेला माणूस आपला हत्ती मारात ठेवत नाही.

वकिलांनी राजा मागे घेतला. आधीच्याच घरात. ते मुद्दाम केलं, हे मला लगेच कळलं. त्यांना स्थिती पुन्हा आणायची होती.

आता दंतोपंतांनी काय करावं? हात पुन्हा हत्तीवर गेला, हत्ती खाली सरकला, आणि पुन्हा छापलेल्या चारवर थांबला.

धाकटी बाकावरून उठली आणि पुन्हा बसली. तिला चाल कळत नव्हती, पण नवऱ्याचा खांदा कळत होता.

मी नंतर खूप विचार केला, शहाणा माणूस तीच चूक दुसऱ्यांदा का करतो. मला वाटतं त्यांना पाठांतराची शंका आलीच नाही. शंका आली ती स्वतःची. पहिल्या वेळी आपलंच काहीतरी चुकलं, नीट केलं तर होईल, असं. नऊ वर्षं हजारदा बरोबर आलेली गोष्ट चुकीची कशी असेल?

वकिलांचा राजा पुन्हा पुढे, हत्तीच्या शेजारी. हत्ती पुन्हा मागे, टोकाला. पाळी वकिलांची. राजा एक घर मागे घेतला की तीच स्थिती तिसऱ्यांदा, आणि बरोबरी.

वकील हसले. राजा उचलला, मागच्या घरात ठेवला, घड्याळ टपकन दाबलं आणि हात वर केला.

"ताई. तीच स्थिती तिसऱ्यांदा. बरोबरी. लिहून घ्या."

मी घड्याळ थांबवलं. दोघांच्या नोंदीच्या चिठ्ठ्या घेतल्या. एकेक चाल बोट ठेवून मोजली. शह, राजा बाजूला: एक. हत्ती खाली, राजा पुढे, हत्ती मागे, राजा मागे: दोन. पुन्हा तेच: तीन. स्थिती तीन वेळा आली होती, त्यात वाद नव्हता.

"आली आहे," मी म्हटलं. "पण तुम्हाला मागता येणार नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर चाल आधी चिठ्ठीवर लिहायची, पटावर करायची नाही, आणि पंचांना सांगायचं. तुम्ही चाल केलीत. घड्याळ दाबलंत. आता पाळी त्यांची आहे. मागायची तर त्यांनी मागायची."

"ते कशाला मागतील?"

"तोच मुद्दा आहे."

वकिलांचा चेहरा लाल झाला. "नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच दिली होतीत! याच टेबलावर!"

"तेव्हा तिसरी वेळ त्यांच्या चालीने आली होती. पाळी तुमची होती. तुम्ही हात वर केलात, ते बरोबर होतं."

"हे निव्वळ तांत्रिक कारण आहे, ताई!"

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "तांत्रिक कारणाबद्दल तक्रार तुम्ही करताय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मधली उभी राहिली. "ताई, तुझ्या मनात आहे ते सरळ बोल ना. तुला धाकटीचाच पुळका."

"मधले, खाली बस. पुस्तक कपाटात आहे. हवं तर वाचून दाखवते."

"दाखवाच," वकील म्हणाले.

मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, पान काढलं, कलम वाचलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. वकील माणूस, कागदावरचं वाक्य त्यांना नाकारता येत नाही. पण वाद घालता येतो, तो त्यांनी घातला. "करणार असल्यास" याचा अर्थ काय, घड्याळ दाबणं म्हणजे चाल पूर्ण होणं का, हेतू आधी व्यक्त झाला होता का. हे सगळं दहा मिनिटं चाललं. कोणी बाजूने बोललं, कोणी विरुद्ध. छापखान्याचं यंत्र खाली धडधडत होतं.

या दहा मिनिटांत दंतोपंत एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलं नाही, साडूंकडे पाहिलं नाही. कोपरं टेबलावर, हनुवटी मुठीवर, डोळे पटावर. एकदा मात्र ते थोडे पुढे वाकले आणि पटाच्या कडेला आपल्या बाजूने बोट नेलं. मोहऱ्याला शिवलं नाही, फक्त रांगा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. बोट चौथ्या रांगेवर थांबलं. मग तिथला छापलेला आकडा त्यांनी वाचला. पाच.

मी निकाल दिला. मागणी अमान्य, डाव पुढे चालू, आणि प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित केल्याबद्दल वकिलांना ताकीद. घड्याळ सुरू केलं. दंतोपंतांची पाळी.

त्यांनी हत्ती उचलला आणि छापलेल्या पाचवर ठेवला. त्यांच्या चौथीवर.

वकिलांनी पटाकडे पाहिलं. राजाला पुढे जायला अर्थ नव्हता, हत्ती आता आवाक्याबाहेर होता. त्यांनी आपला हत्ती शेवटच्या टोकाला नेला, जिथून जास्तीत जास्त लांबून शह देता येईल. दंतोपंतांनी राजा बाहेर काढला. शह. राजा तिरका वर. शह. राजा बाजूला. शह. राजा पुन्हा तिरका वर, आपल्या हत्तीच्या बाजूच्या रांगेत. शह. आणि हत्ती सरकला, आड आला. राजा मागे उभा.

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ही चाल पुस्तकात पाहिलेली होती.

वकिलांनी आणखी पाच मिनिटं बघितलं. हत्ती खाल्ला तर राजा त्यांचा हत्ती खाणार, आणि प्याद्याला अडवायला पांढरा राजा पोचत नव्हता. त्यांनी घड्याळ थांबवलं, हात पुढे केला आणि चिठ्ठीवर सही केली. सही नेहमीसारखीच लांबलचक.

मग त्यांनी जे विचारलं ते पराभूत खेळाडूचं होतं, साडूचं नव्हतं. "दोनदा हत्ती चारवर नेलात. का?"

"आकडा पाठ होता," दंतोपंत म्हणाले. "पांढऱ्याचा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तुम्ही भांडत होता. मला बघायला वेळ मिळाला."

वकिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाटावरच्या पुस्तकाकडे. त्यांना कळलं असावं, चाल करण्याआधी चिठ्ठीवर लिहिली असती तर बरोबरी होती. चाल केल्यावर गप्प बसले असते, तर दंतोपंतांचा हात तिसऱ्यांदाही चारवर गेला असता, आणि पुढच्या वेळी नीट मागून बरोबरी मिळाली असती. दहा मिनिटांचा युक्तिवाद त्यांनी केला तो समोरच्या बाजूसाठी. ते उठले. चपला घातल्या आणि मधलीला म्हणाले, "चल." मधली माझ्याशी दीड महिना बोलली नाही. मग तिची चष्म्याची काडी तुटली आणि माझ्याकडे सुट्या काड्या असतात, म्हणून बोलली.

धाकटीने नवऱ्याला विचारलं, "जिंकलात ना? नक्की?"

"हो."

"मग हसा की थोडं."

ते हसले. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला आपले दात दाखवायला लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी मी संघाची यादी टंकून फलकावर लावली. पाचव्या पटापुढे त्यांचं खरं नाव लिहावं लागलं. क्लबातल्या दोन नव्या मुलांनी विचारलं, हे कोण?

त्या मोसमात त्यांनी सहा डाव खेळले. दोन जिंकले, एक बरोबरी, तीन हरले. वकिलांचे आदल्या वर्षीचे आकडे यापेक्षा थोडे चांगले होते, आणि सेक्रेटरीने ते मला मुद्दाम दाखवले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आव्हान देऊ देत. वकिलांनी मे महिन्यातच अर्ज दिला. सोबत दोन पानं जोडली होती, नियमांच्या अर्थाबद्दल. मी ती वाचली, फाइलला लावली आणि खेळायची तारीख कळवली.